धूसर, तिरक्या आणि कापल्या गेलेल्या फोटोवरून फेरफाराची नक्कल करताना : न लागलेले अक्षर कसे नोंदवावे

कोल्हापुरात जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला टाइप करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. पूर्वी माणूस मूळ कागद घेऊन समोर बसत असे आणि एखादे अक्षर लागले नाही तर कागद खिडकीपाशी नेऊन, तिरपा धरून, भिंगाखाली पाहता येत असे. आता कागद गावी राहतो आणि मोबाइलवर त्याचा फोटो येतो. तो बहुतेक वेळा घाईत काढलेला असतो. हात हललेला, एका बाजूने तिरका, आणि कडेचा रकाना अर्धा बाहेर राहिलेला. अशा फोटोवरून नक्कल करताना जे वाचता आले नाही ते नक्की कोणत्या शब्दांत लिहावे, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी हाताने लिहिलेला जुना फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद, घेतली आहे, कारण तिच्यातील एक अक्षर चुकले तरी हक्काचा माणूस बदलतो. पुढील प्रकरणातली नावे आणि गट क्रमांक मी बदलले आहेत.

करवीर तालुक्यातील एका तरुणाने मला वाटपाच्या एका फेरफाराचे दोन फोटो पाठवले. १९८७ सालची नोंद, तीन भावांत वाटप, आणि वकिलांकडे देण्यासाठी टाइप केलेली नक्कल हवी, एवढेच त्याने सांगितले. पहिला फोटो डावीकडून तिरका घेतलेला होता. दुसऱ्या फोटोत उजवी बाजू जवळून घेतली होती, पण तो शेवटच्या रकान्याच्या मध्येच सुरू होत होता. दोन्हींवर बल्बचा पिवळा प्रकाश आणि कागदाच्या घडीची आडवी सावली होती.

वाचण्याआधी : फोटोत काय नाही ते पाहावे

फोटो हाती आला की आपण लगेच अक्षरांकडे वळतो. मी ती सवय मोडली आहे. आधी कागदाच्या चारही कडा दिसतात का ते पाहावे आणि ज्या कडा दिसत नाहीत त्यांची नोंद करून ठेवावी. धूसर अक्षर आपण होऊन सांगते की मी धूसर आहे. कापले गेलेले अक्षर काहीच सांगत नाही. उरलेला मजकूर स्वच्छ दिसतो आणि आपण निर्धास्तपणे चुकतो.

गाव नमुना सहाला चार रकाने असतात: नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन व उपविभाग क्रमांक, आणि शेवटी चाचणी अधिकाऱ्याची आद्याक्षरी किंवा शेरा. रकाने ठाऊक असले की कोणता भाग फोटोबाहेर आहे हे मोजून सांगता येते. जुन्या सातबाऱ्याच्या फोटोत आणखी एक धोका असतो. ज्याचा हक्क कमी झाला त्याचे नाव तेव्हा खोडत नसत, कंसात टाकत. फोटोची कड कंसाच्या आतून गेली असेल तर कमी झालेला खातेदार चालू खातेदारासारखा दिसतो. म्हणून नाव कडेला चिकटलेले असेल तर मी नक्कलेत लिहितो: ‘या नावाच्या डावीकडचा भाग फोटोत नाही, नावाला कंस आहे किंवा नाही हे सांगता येत नाही.’

त्या तरुणाच्या दुसऱ्या फोटोत शेऱ्याच्या रकान्यात अगदी डाव्या कडेला ‘मंजूर’ हा शब्द होता. अक्षर ठळक, वळणदार, वाचायला काही अडचण नाही. पण फोटो तिथेच सुरू होत होता. त्या शब्दाआधी ‘ना’ असेल तर संपूर्ण नोंदीचा अर्थ उलटतो.

अशा वेळी शिरोरेघ पाहावी. फोटो मोठा करून मी ‘मं’च्या डाव्या बाजूला किती कागद दिसतो ते पाहिले. शब्दाची रेघ जिथे सुरू होते तिथे थोडा कोरा कागद दिसला असता, तर शब्द तिथूनच सुरू होतो असे म्हणता आले असते. इथे रेघ थेट फोटोच्या कडेपर्यंत गेली होती. लिहिणाऱ्याने ती सहज लांबवली असेल किंवा तिच्याखाली आणखी एक अक्षर असेल, या दोन्हींपैकी काहीही शक्य होते. म्हणून नक्कलेत ‘मंजूर’ एवढेच लिहिणे बरोबर नव्हते, आणि ‘नामंजूर असू शकते’ असे लिहून पक्षकाराला घाबरवणेही योग्य नव्हते. मी लिहिले ते असे: ‘शेऱ्यात मंजूर ही अक्षरे दिसतात. त्यांच्या लगेच डावीकडे फोटो संपतो आणि शिरोरेघ कडेपर्यंत गेली आहे, त्यामुळे आधी अक्षर आहे की नाही हे ठरवता येत नाही.’

फोटो सरळ करणे, आणि त्यातून नवे अक्षर तयार होऊ न देणे

आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. प्रत फिरवून सरळ करावी, प्रकाश थोडा कमीजास्त करून पाहावा. यापलीकडे मी सहसा जात नाही. स्कॅन करणाऱ्या ॲपमध्ये कागद काळा-पांढरा करण्याची सोय असते. तिने पाने देखणी होतात, पण फिकट अनुस्वार, पेन्सिलीची खूण आणि पुसट वेलांटी यांचा बळी जातो. कागदावरचा डाग मात्र गडद होऊन अनुस्वारासारखा दिसू लागतो. जमिनीच्या कागदासाठी रंगीत फोटोच ठेवावा. मोठे करून पाहण्यालाही मर्यादा आहे: एका टप्प्यानंतर अक्षराऐवजी चौकटी दिसू लागतात. तेव्हा फोटो थोडा लहान केला तर शब्दाचा एकूण आकार उलट चांगला कळतो.

तिरक्या फोटोत अक्षरे बहुधा वाचता येतात, ओळी मात्र निसटतात. दूरच्या बाजूची अक्षरे लहान होतात आणि रकान्यांच्या रेघा एकमेकींकडे झुकतात, त्यामुळे डावीकडच्या दुसऱ्या नावासमोर उजवीकडचे तिसरे क्षेत्र येऊन बसते. प्रत्येक आकडा अचूक वाचूनही नक्कल साफ चुकते. यासाठी मी पडद्यावर फूटपट्टी धरतो, पण ती पडद्याच्या कडेला समांतर न धरता छापील रकान्याच्या आडव्या रेघेला समांतर धरतो. तरीही जोडी लागली नाही तर क्षेत्रे वेगळी लिहून खाली नोंद देतो की कोणते क्षेत्र कोणत्या नावासमोरचे हे या फोटोवरून नक्की होत नाही. या प्रकरणात छापील रेघा स्पष्ट होत्या, म्हणून जोड्या लागल्या.

वाचन तीन फेऱ्यांत करावे

पहिल्या फेरीत संदर्भाचा आधार घ्यायचा नाही. जे डोळ्यांना दिसते तेवढेच लिहायचे आणि जिथे थांबावे लागले तिथे चौकटी कंस ठेवून पुढे जायचे. या फेरीअखेर माझ्याकडे तीन जागा उरल्या. दुसऱ्या भावाचे नाव ‘बाबू’ की ‘बापू’. त्याच्या क्षेत्रातील शेवटचा अंक १ की ९. आणि गट क्रमांकातील मधला अंक पुन्हा १ की ९.

दुसऱ्या फेरीत त्याच कागदावर त्याच हाताने लिहिलेली इतर अक्षरे पाहायची. नोंदीच्या तारखेत १९८७ हे साल होते, म्हणजे त्या कारकुनाचा १ आणि ९ शेजारी शेजारी, आणि सुदैवाने फोटोच्या स्पष्ट भागात. त्याचा १ वर गोल गाठ घेऊन सरळ खाली उतरत होता. ९ची शेपटी खालच्या ओळीपर्यंत जाऊन डावीकडे वळत होती. आता क्षेत्रातील अंकाकडे पाहिल्यावर वरची गाठ कळत नसली तरी खाली डावीकडे वळलेली शेपटी अंधूक दिसत होती. गट क्रमांकातील अंकाचा खालचा भाग मात्र घडीच्या सावलीत बुडालेला होता. एकाच प्रकारची शंका असली तरी दोन्ही अंकांची खात्री सारखी नाही, आणि नक्कलेत ती वेगवेगळी दिसली पाहिजे.

‘बाबू’ आणि ‘बापू’ यांचे काय झाले ते जरा सविस्तर सांगतो. ‘प’चे पोट मोकळे असते, ‘ब’चे पोट गोल, बंद आणि आत तिरकी रेघ असते. हात हलला की पोटाच्या आतील पांढरी जागा शाईने भरल्यासारखी दिसते आणि दोन्ही अक्षरांचा नुसता एक गडद ठिपका उरतो. त्या ओळीतील पहिले अक्षर ‘बा’ ठीक दिसत होते, पण दुसऱ्या अक्षरावर घडी होती. आकार काहीसा निमुळता वाटला, एवढ्यावर ‘प’ म्हणता येत नव्हते. ‘बाळू’ नाही एवढे निश्चित सांगता येत होते, कारण ‘ळ’ला उभा दंड नसतो आणि इथे दंड स्पष्ट होता. काय नाही हे सांगता आले तर तेही लिहावे. वकिलांचा शोध तेवढाच आखूड होतो.

तिसरी फेरी हिशेबाची. नोंदीत एकूण क्षेत्र १.२१ हेक्टर स्पष्ट होते. पहिल्या भावाला ०.४०, तिसऱ्याला ०.४२, आणि मधल्याला ०.३१ किंवा ०.३९. शेवटचा अंक ९ धरला तर बेरीज १.२१ जुळते, १ धरला तर १.१३ होते आणि आठ आर कमी पडतात. इथे बहुतेक जण ०.३९ लिहून मोकळे होतात. मी तसे करत नाही. बेरीज सांगते की तिथे काय असायला हवे. तिथे काय लिहिले आहे हे ती सांगत नाही. कारकुनाने मुळातच ०.३१ लिहिले असेल तर ती लेखनातील चूक आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली अशी चूक दुरुस्त करून घेण्यासाठीच कदाचित वकील हा कागद मागवत असतील. मी बेरीज जुळवून दिली तर त्यांना शोधायची असलेली चूकच मी पुसून टाकतो. म्हणून वाचन वेगळे, अनुमान वेगळे, आणि अनुमानाचा आधार शेजारी, असे लिहिले.

गट क्रमांकाला असा हिशेब नसतो. तिथे ३१४ आणि ३९४ हे दोन्ही क्रमांक महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर त्या गावासाठी उघडून पाहिले. ३१४ वर या कुटुंबातील नावे होती, ३९४ वर नव्हती. हा आधार चांगला आहे, पण तोही फोटोबाहेरचा आहे, म्हणून तसाच नोंदवला.

कोणते शब्द वापरावेत

‘अंदाजे’ हा शब्द अशा नक्कलेत वापरू नये. ‘अंदाजे ०.३९ हेक्टर’ असे लिहिले की वाचणारा समजतो, जमीनच अंदाजाने मोजली आहे. ‘बहुधा’ चालतो, पण एकटा नको; ‘बहुधा ९, कारण शेपटी तारखेतील ९सारखी आहे’ असा कारणासह हवा. तीन टिंबेही टाळावीत, कारण मूळ कागदातच टिंबे असू शकतात आणि मग कोणती आपली आणि कोणती कारकुनाची हे कळत नाही.

अक्षर का लागले नाही हेही लिहावे. ‘अवाच्य’ या एकाच शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी लपतात. फोटो हललेला असेल तर नवा फोटो काढून काम होते. भाग फोटोबाहेर असेल तर फक्त तेवढा भाग मागवावा लागतो. कागदच फाटला किंवा शाई पसरली असेल, जशी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या कागदांवर पसरली, तर कितीही फोटो काढून उपयोग नाही; प्रमाणित नक्कलच मागवावी लागते. आणि रकाना मुळात कोरा असेल तर तिथे न लागलेले असे काही नाहीच. म्हणून मी ‘फोटो धूसर’, ‘फोटोबाहेर’, ‘कागदावर शाई पसरलेली’ आणि ‘मुळात कोरे’ असे वेगळे शब्द वापरतो, आणि सुमारे किती अक्षरांची जागा आहे तेही सांगतो.

मधल्या भावाच्या नावाबद्दल मी त्या तरुणाला फोन केला. तो म्हणाला, “बापूच हाय ते, साहेब. आमच्या आज्जाचं नाव बापू. तुम्ही घाला बापू.” मी त्याला सांगितले, “दादा, तुमचे म्हणणे मी लिहितो, पण ते तुमचे म्हणणे म्हणूनच लिहितो.” विचारल्यावर कळले की भावकीत बाबू नावाचेही एक चुलत आजोबा होते. तो खोटे बोलत नव्हता. पण ज्याच्या बाजूने अक्षर लागणार आहे त्याच्या सांगण्यावरून अक्षर ठरवता येत नाही. या कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एकदा असेच केले होते. पक्षकाराने खात्रीने सांगितले म्हणून कंस न घालता नाव टाइप केले. नोटीस भलत्याच भावाला गेली, कुटुंबात बोलणे थांबले आणि दुरुस्त नोटीस निघेपर्यंत दोन महिने गेले. ते नाव मी अक्षर न बघता लिहिले होते, हे मला आजही डाचते.

नक्कलेतील संबंधित भाग शेवटी असा झाला:

> ही नक्कल मोबाइलवर आलेल्या दोन फोटोंवरून केली आहे. मूळ कागद पाहिलेला नाही.
>
> गट नं. ३[१/९]४ (मधला अंक घडीच्या सावलीत. महाभूलेखवर ३१४ ला या कुटुंबातील नावे आहेत, ३९४ ला नाहीत.)
>
> १) धोंडी तुकाराम : ०.४०
>
> २) बा[बू/पू] तुकाराम : ०.३[९?] (नाव : दुसरे अक्षर ब किंवा प, घडीवर, फोटो धूसर, ‘ळ’ नाही. पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार ‘बापू’. क्षेत्र : शेवटचा अंक धूसर, शेपटीवरून बहुधा ९. ९ धरल्यास एकूण १.२१ शी बेरीज जुळते.)
>
> ३) शंकर तुकाराम : ०.४२
>
> शेरा : [फोटोबाहेर?]मंजूर (शिरोरेघ फोटोच्या डाव्या कडेपर्यंत, आधी अक्षर आहे की नाही हे ठरवता येत नाही.)

कंसांनी नक्कल भरून जाऊ नये याचीही काळजी घ्यावी लागते. ‘धोंडी’वरचा अनुस्वार फोटोत पुसट होता, पण त्याच नोंदीत ते नाव पुन्हा स्पष्ट आले होते, म्हणून तिथे मी कंस घातला नाही. प्रत्येक अक्षराला प्रश्नचिन्ह लावले तर खरी शंका कोणती हे वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि लिहिणारा फक्त स्वतःला वाचवत आहे असे होते.

पुन्हा फोटो मागताना

‘फोटो नीट पाठवा’ असे सांगितले की तसाच दुसरा फोटो येतो. काय हवे ते नेमके सांगावे. मी त्या तरुणाला सांगितले: कॅमेऱ्याची काच स्वच्छ पुसा, कागद दिवसा दारापाशी किंवा खिडकीपाशी सपाट ठेवा, घडी हाताने दाबून मोडा, फ्लॅश नको, मोबाइल कागदाच्या बरोबर वर, समांतर धरा. आधी चारही कडांभोवती जमीन दिसेल असा एक पूर्ण फोटो घ्या. मग दोन जवळचे घ्या: एक दुसऱ्या भावाच्या ओळीचा आणि एक शेवटच्या दोन रकान्यांचा, मधली उभी रेघ आत येईल असा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक रेघा त्यातच जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन फोटो आले. शेऱ्याच्या रकान्याची उभी रेघ दिसली, तिच्या आणि ‘मंजूर’च्या मध्ये बोटभर कोरा कागद होता आणि त्यावर लांबलेल्या शिरोरेघेशिवाय काही नव्हते. तो कंस निघाला. क्षेत्रातील अंकाची गाठ आणि शेपटी दोन्ही दिसली. तो ९ होता, बेरीज न पाहताही. घडी दाबल्यामुळे सावली गेली आणि गट क्रमांकातील १ सरळ खाली उतरलेला दिसला.

नाव मात्र लागले नाही. जवळून पाहता घडीच्या रेषेवर शाई पसरून कागदाचे तंतू वर आले होते. दोष फोटोत नव्हता, कागदात होता. तेव्हा ‘फोटो धूसर’ हे शब्द काढून ‘कागदावर घडीवर शाई पसरलेली’ असे लिहिले, पहिली नक्कल तारखेसह तशीच ठेवली आणि दुसरीवर ‘नव्या फोटोंवरून सुधारित’ अशी नोंद केली. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची प्रमाणित नक्कल मागवण्याचा अर्ज त्याच दिवशी लिहून दिला. वकिलांकडे नक्कल गेली तेव्हा तिच्यात एकच कंस शिल्लक होता: बा[बू/पू].